आगीच्या बातमीत ‘कारण’ काय लिहायचे?

प्रश्न: काल रात्री आमच्या बाजारात एक दुकान जळाले. चौकशी चालू आहे, कोणीच काही नक्की सांगत नाही. डेस्कवरून सारखा फोन येतो, ‘कारण घाल, नाहीतर बातमी अर्धवट दिसते.’ ‘शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर: नको. हेच तीन शब्द मी एकदा लिहिले होते, म्हणून एवढे लांबलचक लिहितोय.

डिचोली तालुक्यात वार्ताहर होतो तेव्हाची गोष्ट. रात्री एका शिंप्याचे दुकान जळाले. दुकान भाड्याचे, वर मंगळुरी कौले, आत कापडाचे गठ्ठे. होज गुंडाळणाऱ्या जवानाला विचारले, ‘कशाने लागली?’ तो म्हणाला, ‘शॉर्टसर्किट असेल, दुसरे काय असणार?’ बिचारा थकला होता आणि तो काही पंचनामा सांगत नव्हता. मी त्या ‘असेल’चा ‘प्राथमिक अंदाज’ केला. डेस्कने मथळा दिला: ‘शॉर्टसर्किटने दुकान खाक’. म्हणजे अंदाज मजकुरात राहिला आणि मथळ्यात त्याचा निकाल झाला.

पंधरा दिवसांनी शिंपी ते कात्रण घेऊन माझ्याकडे आला. घरमालक तेच दाखवून त्याच्याकडे भरपाई मागत होता. ‘तू मशीनला जादा वायर ओढलीस, पेपरातच आले आहे’ म्हणून. मी काय बोलणार?

मग वायरिंगच्या कामात आयुष्य गेलेल्या एका ओळखीच्या माणसाने मला समजावले, आणि ते आधी ठाऊक असते तर बरे झाले असते. जळालेल्या जागी तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळलेली गोल गोळी सापडते. लोक ती दाखवून म्हणतात, बघा, शॉर्ट झाले. शॉर्ट झालेले असतेच. पण आग दुसऱ्या कशाने लागली, तिने तारेवरचे आवरण जाळले आणि वीज तेव्हा चालू असली, तरी तारा एकमेकींना टेकून तशीच गोळी तयार होते. आगीमुळे शॉर्ट झाले की शॉर्टमुळे आग लागली, हे नुसती गोळी पाहून कळत नाही. एमसीबी पडलेला दिसला तरी तेच. त्यासाठी आग कुठून सुरू झाली ते आधी ठरावे लागते. आमच्या प्रकरणात कौले आणि वासे खाली कोसळलेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ढिगारा उपसून टाकलेला.

अहवालासाठी मी एका कार्यालयात हेलपाटे घातले. नाव घेत नाही. ‘साहेब साइटवर आहेत’, ‘फाईल वर गेली आहे’, ‘सोमवारी या’. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तर आले की चौकशी चालू असल्याने देता येत नाही. तसे कलम आहे, ८(१)(h). पण माहिती दिल्याने तपासात अडथळा येत असेल तरच ते लागू होते. चौकशी चालू आहे एवढेच कारण पुरत नाही. (मी वकील नाही, अपील करताना जाणकाराला विचारा.) आठ महिन्यांनी अहवाल हाती आला, त्यात एकच ओळ कामाची: ‘आगीचे नेमके कारण निश्चित करता आले नाही.’

आता तुमच्या बातमीबद्दल. मी आज असे लिहीन:

‘बाजारातील दुकानाला मंगळवारी रात्री आग लागली. साडेदहाच्या सुमारास मागच्या बाजूने धूर येताना दिसला, असे शेजाऱ्यांनी सांगितले. अग्निशमन दलाने रात्री बारापर्यंत आग आटोक्यात आणली. आग कशामुळे लागली हे तोपर्यंत स्पष्ट झाले नव्हते. चौकशी सुरू आहे.’

यात ‘दिसला’ हा शब्द मुद्दाम आहे. धूर मागून दिसला म्हणजे आग मागेच लागली असे होत नाही, धूर वाट मिळेल तिकडून बाहेर पडतो. वेळ घातली की उद्या काही नवे कळले तरी आजची ओळ खोटी पडत नाही. अंदाज द्यायचाच झाला तर ज्याने तो केला त्याचा हुद्दा आणि त्याचेच शब्द द्या, आणि त्याला विचारा, ‘हे तुमच्या नावाने छापू?’ निम्मे अंदाज तिथेच मावळतात.

‘संशयास्पद’ आणि ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’ हे तर माझ्या मते त्याहून वाईट. नाकारता येत नाही असे जगात काय आहे? पोलिसांनी गुन्हा नोंद केला असेल तर तेवढे लिहा.

नुकसानीच्या आकड्याचेही तसेच. ‘पाच लाखांचे नुकसान, दहा लाखांची मालमत्ता वाचवली’ हे त्याच रात्री सांगितलेले ढोबळ आकडे असतात. कोणी सांगितले ते लिहा. देव न करो, पण कोणी दगावले असेल तर ‘गुदमरून मृत्यू’ हे शवचिकित्सा होईपर्यंत लिहू नका. मृतदेह आत सापडला, एवढेच.

डेस्कचा हट्ट असेल तर मथळाही तुम्हीच सुचवून पाठवा: ‘बाजारात दुकान जळाले, कारण अस्पष्ट’. आयता मथळा मिळाला की सहसा बदलत नाहीत. आणि डायरीत तीन महिन्यांनंतरची तारीख टाकून ठेवा, अहवालाची चौकशी करायला. मी दिलेली पुढची बातमी सहाव्या पानावर चार ओळींत आली. शिंप्याने तेही कात्रण कापून नेले, पण तोवर त्याने दुकान सोडले होते.