नारिताला काय बोलशील

प्रिय मुली,

तुझा मेसेज आला तेव्हा मी क्लासमध्ये होते म्हणून लगेच उत्तर नाही दिलं. तुझं आणि तुझ्या जपानी बॉयफ्रेंडचं वर्षभर फोनवर चाललेलं सगळं मला माहितीये, जपानचं तिकीट काढलंस ते फार बरं केलंस. आता तू विचारलंयस की ताई, तो नारिता एअरपोर्टला घ्यायला येणार, बाहेर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलू आणि परत निघताना काय, दोन्ही जपानीतच बोलायचंय. तर सांगते, पण आधी एक, पुस्तकातली वाक्यं पाठ करून जाऊ नकोस. जपानीच्या पहिल्या परीक्षेला, एन५ला, आपण सगळं 'मास' आणि 'देस' लावून शिकतो, ते त्याच्या आईवडिलांसमोर एकदम बरोबर, पण तू त्याला 'आइताकात्ता देस' म्हणालीस तर त्याला हसू येईल, आपल्याकडे कोणी बॉयफ्रेंडला 'आपणास भेटण्याची इच्छा होती' म्हणावं तसं. त्याच्याशी साधं रूप बोल, शेपूट काढून टाक.

तू रात्रभर प्रवास करून उतरणार, झोप झालेली नाही, घड्याळ साडेतीन तास पुढे, मग इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो, मग बॅग, मग कस्टम्स, आणि मग ते सरकणारं दार. त्या वेळेला डोक्यात दहा वाक्यं राहत नाहीत, तीन राहतात. म्हणून तीनच पक्की कर.

पहिलं आहे 'आइताकात्ता'. तू फोनवर त्याला रोज 'आइताई' म्हणतेस, म्हणजे भेटावंसं वाटतंय. जपानीत आपल्या 'आठवण येते'ला चपखल असा वेगळा शब्द नाही, एक तर 'आइताई' म्हणतात नाहीतर 'सामिशी', एकटं वाटतंय. पण तो समोर उभा असताना 'आइताई' चालत नाही, भेट तर झाली की! तिथे भूतकाळ, 'आइताकात्ता', इतके दिवस भेटायचं होतं. क्लासमधली मुलं हमखास इथे अडकतात कारण सवय 'आइताई'ची झालेली असते आणि घाईत तेच तोंडातून निघतं.

दुसरं, 'मुकाए नि किते कुरेते आरिगातो', घ्यायला आलास त्याबद्दल थँक्यू. हे मोठं वाटतं पण सगळ्यात कामाचं आहे, कारण यातलं 'कुरेते' म्हणजे तू हे माझ्यासाठी केलंस, आणि जपानी माणूस ते 'कुरेते' बरोबर टिपतो. नुसतं 'आरिगातो' पाहुण्यासारखं वाटेल. इथे एक सांभाळ, 'किते' म्हण, 'कित्ते' नको. त वर जोर पडून जोडाक्षर झालं तर अर्थ होतो कापणे, म्हणजे तू त्याला कापल्याबद्दल थँक्यू म्हणतेयस. उलट 'आइताकात्ता'मध्ये त दुहेरीच हवा, 'पत्ता'मधल्यासारखा, तिथे एकेरी केलास तर शब्दच पडतो. मराठी माणसाला हे दोन्ही नीट जमतं, फक्त झोपेत गल्लत होते.

तिसरं तुला बोलायचं नाहीये, ऐकायचंय. तो काय म्हणेल? माझ्या अंदाजाने 'यात्तो आएता ने', एकदाचे भेटलो बाबा, आणि त्याच्यामागोमाग 'त्सुकारेता देशो?', दमलीस ना? या दुसऱ्याला 'नाही नाही' म्हणू नकोस, खोटं वाटतं, 'चोत्तो ने, देमो दाइजोबु' म्हण, थोडी, पण ठीक आहे. आणि तो 'ओकाएरी' म्हणाला तर मात्र एक क्षण थांब. 'ओकाएरी' हे घरी परत आलेल्या माणसाला म्हणतात, शाळेतून आलेल्या मुलाला, ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला. तू पहिल्यांदाच येतेयस, म्हणजे परत येण्याचा प्रश्नच नाही, तरी म्हणाला तर मुद्दाम म्हणतोय, आणि त्याला उत्तर एकच, 'तादाइमा', आले घरी. स्वतःहून पहिल्या भेटीत 'तादाइमा' म्हणू नकोस, तो शब्द त्याने दार उघडल्यावर वापरायचा. (नाही म्हणाला तरी वाईट वाटून घेऊ नकोस, बरेच जण लाजतात.)

मिठीबद्दल विचारलंयस, तर जपानमध्ये चारचौघांत लोक गळ्यात पडत नाहीत फारसे, एअरपोर्टवर थोडं जास्त खपतं पण तो अवघडला तर तो तसाच वाढलाय असं समज. हात धर, पुरे. 'आइशितेरू', म्हणजे माझं प्रेम आहे, तर अजिबात नको, रोजच्या बोलण्यात तो शब्द फार जड होतो, फारच वाटलं तर 'दाइसुकी', खूप आवडतोस, आहे की.

त्याची आईसुद्धा घ्यायला आली तर हे वेगळं प्रकरण. तिला पहिल्या भेटीचं 'हाजिमेमाश्ते', थोडं वाकून, आणि तिला उद्देशून 'ओकाआसान', आई, का लांब. 'ओबासान' म्हणू नकोस, ती काकू किंवा मध्यमवयीन बाई होते, आणि त्यातला बा लांबवलास की 'ओबाआसान', आजी. साठी न गाठलेल्या बाईला आजी म्हणालीस तर पुढचे पंधरा दिवस अवघड जातील.

आता परतीचं. मला विचारशील तर खरी परीक्षा इथेच आहे, येतानाचं कसंही निभावतं.

नारितामध्ये तिकीट नसलेला माणूसही टर्मिनलच्या आत येऊ शकतो. तो तुझ्याबरोबर चेक-इनपर्यंत येईल, बॅग देईल, कॉफी पिऊ म्हणेल, आणि मग सिक्युरिटीच्या दारापाशी तुम्ही थांबाल, तिथून पुढे फक्त प्रवासी. म्हणजे निरोपाला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की माणूस नको ते बोलतो. सगळ्यात नको ते म्हणजे 'सायोनारा'. आपल्याकडे सगळ्यांना जपानी म्हणून पहिला तोच शब्द येतो, आणि तिथे शाळेत मुलं दिवस संपला की सरांना म्हणतातच, त्यात काही जड नाही. पण दोन प्रेमात पडलेली माणसं एकमेकांना 'सायोनारा' म्हणतात ते बहुतेक ब्रेकअपला. तू सहज म्हणशील आणि तो रात्रभर विचार करत बसेल. 'गेन्कि दे ने'सुद्धा जपून, नीट रहा असा अर्थ आहे खरा, पण तो ज्याची लवकर भेट होणार नाही त्याला म्हणतात. पुढची तारीख ठरली असेल तर तो शब्द कशाला?

तू निघणारी, तर तुझं वाक्य 'माता कुरु ने', परत येते हं. 'माता आओ ने', परत भेटू, हेही चालतं, पण ते कोणीही कोणाला म्हणतं, सैल आहे, आणि 'माता कुरु'मध्ये तू स्वतः येण्याचं कबूल करतेस. तो राहणारा, तो म्हणेल 'मात्तेरु ने', वाट बघतो, किंवा 'कि ओ त्सुकेते', जपून जा. मग 'जाऽ ने', 'जाऽ ने', चल बाय, असं दोघांचं चार वेळा होणार, त्याला इलाज नाही.

पण तुला ज्यात खास फायदा आहे तो शब्द आहे 'इत्तेकिमास'. घरातून निघणारा म्हणतो, आणि घरात राहणारा 'इत्तेराश्शाई', जाऊन ये, म्हणतो. फोड केलीस तर 'इत्ते' म्हणजे जाऊन आणि 'किमास' म्हणजे येते. जाऊन येते! आपली आजी आपल्याला 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' सांगायची तेच, त्यामुळे तुला हे वेगळं शिकावं लागत नाही, तोंडात आहेच. आता नियम बघितला तर हा शब्द ज्या घरात परत यायचं आहे तिथून निघताना वापरायचा, आणि तू तर पुण्याला तुझ्याच घरी चाललीयेस, म्हणून काटेकोर माणूस म्हणेल इथे बसत नाही. तरीही मी तो म्हणेन, पण 'ओकाएरी' झालं असेल तरच. त्याने तुला तिथली म्हटलं, मग तू तिथून जाऊन येतेस, हिशोब जुळतो. 'ओकाएरी' झालंच नसेल तर 'माता कुरु ने'वर थांब.

आणि वळून बघ. तिथे सोडायला आलेला माणूस तू दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो, त्याला 'मिओकुरि' म्हणतात, आणि तू पाठ फिरवून सरळ आत गेलीस तर तो हात वर करून उभाच राहील. सिक्युरिटीच्या वळणावर एकदा हात कर.

डिसेंबरमध्ये तो मुंबईला येणार म्हणतेस, तेव्हा सगळं उलटं होईल. येताना तू बाहेर कठड्यापाशी, पहिल्यांदा येतोय तर 'ओकाएरी' नको, 'योकोसो', सुस्वागतम, तर नकोच, ते बोर्डावर लिहिण्यासारखं आहे, जपान सरकारच्या टुरिझमवाल्यांनी तोच शब्द घोषणेत घेतला होता. 'किते कुरेते आरिगातो' म्हण, 'मुकाए' काढून. जाताना मात्र त्याला आधीच सांगून ठेव की आपल्याकडे तिकीट नसलेल्याला गेटवर अडवतात, सीआयएसएफवाला तिकीट आणि ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाही, म्हणजे निरोप रस्त्यावर, मागे टॅक्सीवाला हॉर्न मारत असताना. नारितासारखी कॉफी पिऊन बोलू असं त्याच्या डोक्यात असेल तर गडबड होईल. जे बोलायचंय ते गाडीतच बोलून घ्या, गेटवर फक्त 'मात्तेरु ने' आणि 'त्सुइतारा रेन्राकु शिते ने', पोचलास की कळव. पोचल्यावर तो लाइन ॲपवर 'त्सुइता यो', पोचलो, टाकेल, लगेच उत्तर दे.

उच्चारात तुझा 'त्सु' अजून 'सु' होतोय, फोनवर ऐकलं मी. तो आपल्या चुलीतला च आहे, चहातला नाही, आणि त्याला फक्त किंचित उ लाव. 'त्सुकेते', 'त्सुकारेता', 'त्सुइता', तिन्हीत तोच आहे. 'इत्तेकिमास'चा शेवटचा सु जवळजवळ गिळायचा, म्हणून मी तो लिहितानाही स असाच लिहिलाय. बुधवारी क्लासच्या अर्धा तास आधी ये, तुझ्याकडून म्हणवून घेते.

ताई