तीन कॅमेरे आणि ५ एमबीपीएसचं अपलोड

प्रश्न: घरात क्लाउडवाले तीन कॅमेरे लावल्यापासून व्हिडिओ कॉल सारखा अडकतो, रात्री तर जास्तच. स्पीड टेस्टला डाउनलोड १०० च्या आसपास येतं, प्लॅनमध्ये अपलोड ५ आहे. कॅमेऱ्यांमुळे असं होऊ शकतं का?

उत्तर: होऊ शकतं, आणि तुम्ही सांगताय त्यावरून बहुतेक तेच होतंय. १०८०पीचा कॅमेरा सतत रेकॉर्डिंगवर असला की साधारण २ एमबीपीएसने डेटा वर पाठवत राहतो. तिघांचे झाले ६, आणि तुमच्याकडे आहेत ५. डाउनलोडचे १०० इथे काहीच कामाचे नाहीत.

पण नुसतं अपलोड कमी पडणं ही अर्धीच गोष्ट. वर जाणारा डेटा मावला नाही की मोडेम तो लगेच फेकून देत नाही, आपल्या बफरमध्ये रांगेत उभा करतो. हा बफर १ मेगाबाइटचा धरला, तरी ५ एमबीपीएसने तो रिकामा व्हायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तुमचा कॉलमधला आवाज त्याच रांगेच्या शेपटाला उभा राहतो. म्हणूनच समोरचा माणूस तुम्हाला व्यवस्थित दिसतो आणि तुम्ही मात्र त्याला अडकलेले दिसता. वेब पानं उघडायलाही वेळ लागतो, कारण काहीही डाउनलोड करताना 'हे मिळालं, पुढचं पाठवा' अशा छोट्या पोचपावत्या वर पाठवाव्या लागतात आणि त्याही त्याच रांगेत अडकतात.

अशी तक्रार आली की मी आधी पिंग बघतो, म्हणजे एक छोटं पाकीट इंटरनेटवर जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते. शक्यतो केबलने जोडलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर हे चालू ठेवा:

```
ping -t 8.8.8.8
```

दोन-तीन मिनिटं आकडे बघा, मग तिन्ही कॅमेऱ्यांचे प्लग काढा. आकडे काही शे मिलिसेकंदांवरून एकदम दहा-वीसवर उतरले तर दोषी सापडला. उतरले नाहीत तर कॅमेरे सोडून द्या आणि वायफाय किंवा लाइन तपासा.

रात्री त्रास वाढतो त्याचं कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. अंधारात इन्फ्रारेड चालू होतं आणि चित्रात बारीक दाणे थरथरू लागतात. व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरला ती थरथर म्हणजे हालचालच वाटते, आणि बिटरेट बदलता ठेवलेला असेल तर तो वर चढतो. इन्फ्रारेडच्या उजेडाभोवती घोंगावणारे किडे आणि भिंगासमोरचं कोळ्याचं जाळंही तेच करतात. भिंग पुसणं हा उपाय फालतू वाटेल, पण करून बघा.

आता सेटिंग. प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट १ एमबीपीएसवर आणा, फ्रेम रेट १२ ते १५ ठेवा आणि व्हिडिओ जास्त दाबणाऱ्या H.265 चा पर्याय असेल तर तो निवडा. तिघांचे मिळून ३ होतील, म्हणजे कॉलसाठी २ उरतात. काही अ‍ॅपमधली 'क्वालिटी' फक्त तुम्ही लाइव्ह बघता त्या चित्राची असते, रेकॉर्डिंगची नाही. म्हणून बदल केल्यावर राउटरच्या पानावर कॅमेऱ्याचं ट्रॅफिक खरंच उतरलं का ते बघा.

माझं मत विचाराल तर सतत रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवूच नका. २ एमबीपीएस म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला जवळपास २१ जीबी, तिघांचे ६० च्या वर, आणि प्लॅनला डेटा मर्यादा असेल तर तीही यातच संपते. सततचं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर किंवा घरातल्या रेकॉर्डरवर ठेवा आणि क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप जाऊ द्या. १ एमबीपीएसने ६४ जीबीच्या कार्डावर पाच-साडेपाच दिवस मावतात. नुसत्या कार्डावर मात्र विसंबू नका, कारण चोर कॅमेराच उचलून घेऊन गेला तर कार्डही गेलं. क्लाउडवरची क्लिप त्यासाठीच हवी. रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्याला हालचालीचा भाग आखून द्या, नाहीतर प्रत्येक गाडीची क्लिप जाईल आणि पुन्हा सततच्या रेकॉर्डिंगइतकाच भार पडेल.

राउटरमध्ये SQM, म्हणजे डेटाची रांग हुशारीने सांभाळणारी सोय, असेल तर ते शेवटी चालू करा आणि अपलोडची मर्यादा सव्वाचार ते साडेचारवर बांधा. मर्यादा खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवली तरच रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि राउटर कॉलची छोटी पाकिटं पुढे काढू शकतो. कॅमेऱ्यांचे ६ तसेच ठेवून फक्त हे केलंत तर कॉल सुधारेल, पण कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मधे मधे खाडे पडतील, म्हणून आधी बिटरेट आणि मग हे.

सगळं झाल्यावर पिंगची चाचणी रात्री, इन्फ्रारेड चालू असताना पुन्हा घ्या. दिवसाचे आकडे चांगले आले म्हणून काम झालं असं धरू नका.