आजीला आधी चुकू दे

तुझ्या कथेतली आजी नातवंडाच्या शाळेच्या वहीतून गुपचूप अपूर्णांक शिकते, पण पहिल्याच संध्याकाळी सगळी उत्तरं बरोबर काढते, तिथेच माझा विश्वास उडाला. तिला चुकू दे, आणि चूक खरी वाटू दे. १/२ + १/३ मध्ये ती अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ लिहील. नवशिके बहुधा हेच करतात. मग तिला खटकू दे: अर्ध्यात भर घातली, तरी उत्तर अर्ध्याहून कमी कसं? इथे घाई करू नकोस. ती कागदाच्या पट्टीचे घड्या घालून सहा सारखे भाग करेल. अर्ध्याचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन, मिळून ५/६. आणि हो, उत्तरं तिला वहीत नाही, वेगळ्या कागदावर लिहू दे, नाहीतर गुपित दुसऱ्याच दिवशी वर्गात फुटायचं.