फ्रिज १२ ऑगस्टला घ्यावा की १४ ला?

प्रश्न: चवथीआधी ४२ हजारांचा फ्रिज क्रेडिट कार्डावर घ्यायचाय. माझं स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला येतं आणि बिल भरायला त्यानंतर २० दिवस मिळतात. दुकानदार म्हणतो ५० दिवस बिनव्याजी, मित्र म्हणतो २०च. खरं काय? १२ ऑगस्टच्या आसपास घेतला तर पैसे नक्की कधी भरावे लागतील?

उत्तर:

दोघेही खरं बोलतायत, फक्त दोघांच्या डोक्यात खरेदीचा दिवस वेगळा आहे. मी म्हापशात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हिशेब बघतो. चवथ जवळ आली की काउंटरवर हा प्रश्न हटकून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिनव्याजी मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजून दिलेली नसते. बँक महिनाभराची खरेदी गोळा करते, १२ तारखेला त्याचं बिल काढते आणि त्या सगळ्या बिलाला भरण्याची एकच तारीख देते. तुमचं आत्ताचं चक्र १३ जुलैला सुरू होऊन १२ ऑगस्टला संपतं. त्याचं बिल १ सप्टेंबरपर्यंत भरायचं. पुढचं चक्र १३ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर, आणि त्याचं बिल २ ऑक्टोबरपर्यंत.

आता फ्रिज मधे ठेवून बघा. १२ ऑगस्टला घेतला आणि त्याच दिवशी खात्यावर चढला तर पैसे १ सप्टेंबरला, म्हणजे २० दिवसांत. १३ ऑगस्टला घेतला तर तो १२ सप्टेंबरच्या बिलात येणार आणि पैसे २ ऑक्टोबरला, म्हणजे ५० दिवसांनी. एका रात्रीत ३० दिवसांचा फरक पडतो. जाहिरातीत जे ‘५० दिवसांपर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द इथे कामाला येतो. महिन्याच्या मधे कधीही घेतलं तर मुदत या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी पडते. फेब्रुवारी छोटा असल्यामुळे त्या चक्रात दोन-तीन दिवस आणखी कमी होतात.

इथवरचं गणित कुणीही सांगेल. घोळ होतो तो १२ तारखेच्या आजूबाजूला, आणि तो दुकानाच्या बाजूने बघितला तर लगेच कळतो. तुम्ही कार्ड लावता, पिन टाकता, मोबाइलवर मेसेज येतो. त्या क्षणी बँकेने फक्त मंजुरी दिलेली असते आणि तुमच्या लिमिटमधून ४२ हजार अडवून ठेवलेले असतात. व्यवहार पक्का होतो तो आम्ही रात्री मशीनवर सेटलमेंट काढल्यावर, आणि तुमच्या खात्यावर तो चढायला आणखी एक-दोन दिवस लागू शकतात. बाजाराच्या दिवशी दुकान उशिरा बंद झालं, नाहीतर पावसात नेट गेलं, तर ती सेटलमेंट दुसऱ्या दिवसावर जाते. बहुतेक बँका स्टेटमेंटमध्ये तेच व्यवहार धरतात जे त्या दिवसापर्यंत खात्यावर चढलेले असतात. म्हणजे ११ किंवा १२ ऑगस्टची खरेदी या बिलात येईल की पुढच्या, हे तुमच्या हातात नाही आणि आमच्याही नाही. ऑनलाइन मागवलंत तर काही ठिकाणी माल निघाल्यावरच पैसे पक्के कापतात, तिथे तर आणखीच भरवसा नाही.

म्हणून कुणी १२ तारखेला संध्याकाळी येऊन ‘आता घेतो, चढेल उद्या’ असं म्हणाला की मी त्याला सरळ दोन दिवसांनी या म्हणतो. मालकाला हे फारसं आवडत नाही. पण १४ किंवा १५ ऑगस्टला घेतलेला फ्रिज मागच्या बिलात जायचा प्रश्नच नाही. १५ ला घेतलात तरी २ ऑक्टोबरपर्यंत ४८ दिवस मिळतात, आणि स्वातंत्र्यदिनाच्या ऑफर्स बहुतेक तेव्हाच असतात. १३ तारखेला सकाळी बँकेचं ॲप उघडून बघा. नवं स्टेटमेंट दिसत असेल तर चक्र बंद झालं. ‘अनबिल्ड’ अशी यादी असते, त्यात जे दिसतं ते पुढच्या बिलात जाणार.

आता जो भाग दुकानदार सहसा सांगत नाही तो. फ्रिजला २ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते ती एका अटीवर: मधे येणारं १ सप्टेंबरचं बिल पूर्ण भरलेलं असलं पाहिजे. त्या बिलात फ्रिज नाही, फक्त जुलै-ऑगस्टचा किराणा, पेट्रोल, मुलांची पुस्तकं वगैरे आहे, तरीही. मागची बाकी पूर्ण फिटली नाही की बिनव्याजी मुदत बंद होते, आणि नव्या खरेदीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं.

समजा १२ ऑगस्टचं बिल ३० हजारांचं आलं. चवथीचा खर्च समोर आहे म्हणून तुम्ही १ सप्टेंबरला २५ हजारच भरले आणि ठरवलं की उरलेले पाच पुढच्या महिन्यात देऊ. फ्रिज १३ ऑगस्टला घेतलाय आणि कार्डाचा दर महिन्याला ३.५ टक्के आहे असं धरू. वर्षाचे ४२ टक्के झाले. ४२ हजारांवर दिवसाचं व्याज साधारण ४८ रुपये. १२ सप्टेंबरचं स्टेटमेंट निघेपर्यंतच्या ३० दिवसांचे १,४५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २६१ रुपये. एकूण १,७११ रुपये, तेही एकट्या फ्रिजचे. जुन्या बिलावरचं व्याज वेगळं. बाकी ठेवले होते पाच हजार, पण महाग पडला तो वेळेवर घेतलेला फ्रिज.

अजून संपलं नाही. १२ सप्टेंबरचं सगळं बिल तुम्ही २ ऑक्टोबरला पै न पै भरलंत तरी ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा व्याज दिसतं. १२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या २० दिवसांचं व्याज त्या बिलात आकारलेलं नसतं, ते पुढच्यात येतं. लोक इथे बँकेशी भांडायला उठतात. असं दिसलं तर समजायचं की मागच्या महिन्यात कुठेतरी बाकी राहिली होती. त्याआधीचं स्टेटमेंट काढून एकूण देय रक्कम आणि तुम्ही भरलेली रक्कम शेजारी शेजारी ठेवा, फरक सापडतो.

किमान देय रक्कम भरली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. त्याने दंड टळतो आणि हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. व्याज टळत नाही. बिनव्याजी मुदत वाचते ती पूर्ण रक्कम भरल्यावरच. तसंच रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही. त्यावरून काही जण भरायची तारीख तीन दिवस पुढे आहे असं धरून चालतात. ती सवलत दंडाची आणि नोंदीची आहे, व्याजाच्या भरवशावर तिच्याकडे बघू नका. आणि कार्डावर एटीएममधून रोख काढलीत तर पहिल्या दिवसापासून व्याज, तिथे चक्र बघून काहीच उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर त्या जादा ३० दिवसांची किंमत आधी रुपयांत काढून बघा. ४२ हजार तेवढे दिवस बचत खात्यात पडून राहिले तर अडीच-तीन टक्क्यांनी मिळतात नव्वद-शंभर रुपये. त्याच्या समोर चूक झाली तर १,७११ आणि वर. शिवाय एखादा दुकानदार कार्डासाठी दोन टक्के जादा मागत असेल तर ते ८४० रुपये होतात, मुदतीतून मिळणारं सगळं त्यातच जातं. अशा दुकानात यूपीआयने द्या नाहीतर दुसरं दुकान बघा. तारीख साधण्याचा खरा उपयोग वेगळा आहे: मधे एक पगार जास्त मिळतो. सप्टेंबरमध्ये चवथीचा खर्च असताना फ्रिजचे पैसे त्यात येत नाहीत, हे मात्र सोयीचं आहे.

तुमचा पगार कधी होतो ते लिहिलेलं नाही. पाच-सहा तारखेला होत असेल तर दर महिन्याच्या १-२ तारखेला बिल भरणं तुम्हाला नेहमीच जड जाणार, कारण तेव्हा खातं सगळ्यात रिकामं असतं. ही तारीख बदलून मिळते. ग्राहकाला बिलाचं चक्र निदान एकदा तरी आपल्या सोयीने बदलू द्यावं, असं रिझर्व्ह बँकेने कार्ड देणाऱ्या बँकांना सांगितलेलं आहे. ॲपमधून किंवा कस्टमर केअरला सांगून स्टेटमेंट १८-२० तारखेच्या सुमारास करून घेतलंत तर भरायची तारीख ७ ते १० च्या दरम्यान येते. फक्त फ्रिज घ्यायच्या तोंडावर हे करू नका. बदलाच्या महिन्यात एक चक्र नेहमीपेक्षा लहान किंवा मोठं होतं आणि वरचं सगळं गणित तेवढ्यापुरतं बदलतं.

तेव्हा १२ जुलैचं बिल पूर्ण भरलेलं असेल तर फ्रिज १४-१५ ऑगस्टला घ्या, १ सप्टेंबरचं बिल काहीही बाकी न ठेवता भरा, आणि फ्रिजचे पैसे ३० सप्टेंबरलाच टाका. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी असते. ऑनलाइन पैसे सुट्टीतही जातात, पण कुठे अडकलेच तर त्या दिवशी शाखा बंद असते आणि चेकने भरणाऱ्याचा चेक तर वटतच नाही. जुलैच्या बिलातलंच काही बाकी असेल तर १३ काय आणि १२ काय, फ्रिजवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होईल. तसं असेल तर आधी ती बाकी फेडा. फ्रिज त्या कार्डावर घेऊ नका.