अर्थाआधी दगड

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पिंड म्हणजे पुरुषाचं लिंगच की, असं म्हणून होस्टेलवरच्या मैत्रिणीनं तुझी चेष्टा केली, म्हणून तू घरी विचारलंस. आत्यानं पिंड म्हणजे अणुभट्टीच असं सांगणारा, किरणोत्सर्गाचा व्हिडिओ पाठवला. काकांनी "ते विश्वाच्या ऊर्जेचं प्रतीक आहे" एवढं सांगून पेपर उघडला. आता श्रावणी सोमवारी कोल्हापुरात कपिलतीर्थावरच्या कपिलेश्वराला जातानाही तुला अवघडल्यासारखं होतंय. होईलच. तीन माणसांना विचारलंस, आणि ज्या दगडाबद्दल एवढा वाद चाललाय त्याच्याकडं मात्र नीट पाहिलं नाहीस.

मी जन्मभर एवढंच सांगत आलोय: अर्थाआधी दगड. आधी बघायचं, मग अर्थ लावायचा. चाळीस पोरांच्या वर्गात हे ओरडून सांगितलं. काहींनी ऐकलं, बहुतेकांनी चित्रकलेचा तास म्हणून डबा खाल्ला.

मग बघूया. देवळात आपल्याला दिसते ती पिंड अर्धीही नसते. घडवलेल्या लिंगाचे तीन भाग असतात. सगळ्यात खालचा चौकोनी, त्याला ब्रह्मभाग म्हणतात. मधला अष्टकोनी, तो विष्णुभाग. वरचा गोल, तो रुद्रभाग, आणि पूजा होते ती तेवढ्याचीच. चौकोनी भाग जमिनीतल्या खड्ड्यात जातो, अष्टकोनी भाग शाळुंकेच्या भोकात बसतो, आणि गोल तेवढा उजेडात राहतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत हेच सांगितलंय, म्हणजे हे काही मी रचलेलं नाही.

आता हा आकार घडतो कसा ते बघ. पाथरवट आधी चौकोनी खांब काढतो. त्याच्या चार कडा छाटल्या की अष्टकोन होतो. अष्टकोनाच्या आठ कडा छाटल्या की सोळा बाजू, मग बत्तीस, आणि मग टाकी हलकी करून घासत गेलं की गोल. म्हणजे पिंड खालून वर बघत गेलीस तर पाथरवटाचं सगळं काम टप्प्याटप्प्यानं त्याच एका दगडात थांबवून ठेवलेलं दिसेल. चौकोनाला चार दिशा असतात. अष्टकोनाला आठ. गोलाला एकही नाही. गोल दगडाला समोरची बाजू नसते, त्यामुळं पाठही नसते.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. जवळच्याच एका गावात जीर्णोद्धार चालला होता, तेव्हा जुनी पिंड चेनपुलीनं वर उचलली. वरचा भाग शेकडो वर्षांच्या पाण्यानं आणि हातांनी काचेसारखा गुळगुळीत झालेला. अष्टकोन साधाच, कडा जरा खडबडीत. आणि खालच्या चौकोनावर टाकीचे घाव जसेच्या तसे, तिरके, ओबडधोबड; जमिनीत जाणाऱ्या दगडाला कोण घासत बसणार? मी टेप काढली, तर कमिटीतल्या एकानं हात धरला. देवाला मोजायचं नसतं म्हणे. तासाभरात पिंड नव्या खड्ड्यात सिमेंटात बसली. ते माप माझ्याकडं नाही, आणि ही रुखरुख अजून जात नाही. पुढं त्याच देवळात गाभाऱ्याला चकचकीत फरशी लागली, पिंडीवर पितळी कवच कायमचं पक्कं केलं. मी भांडलो. म्हाताऱ्याला धर्मातलं काय कळतंय, असं बोललं गेलं, आणि आता तिथल्या उत्सवाचं आमंत्रण येत नाही. नाही आलं तर नाही. दगडावर पाणी पडायचं ते पितळेवर पडायला लागलं, याचा त्रास मलाच होत असेल तर होऊ दे. मी भांडकुदळ असेन, पण त्या गावात दगड बघायचा असं म्हणणारा दुसरा कोणी नव्हता.

असो. तुझ्या मैत्रिणीचा मुद्दा टाळायचा नाही. घाबरून "छे छे, तसं काही नाही" असं म्हणू नकोस, कारण ते खोटं आहे. आंध्रात तिरुपतीजवळ गुडीमल्लमला एक लिंग आहे. साधारण पाच फूट उंच, दोन हजार वर्षांहून जुनं मानलं जातं, आणि आजही पूजेत आहे. त्याचा आकार सरळसरळ पुरुषाच्या लिंगाचा आहे, आडपडदा नाही, आणि त्याच दगडावर पुढच्या बाजूला शिव उभा कोरलाय. तेव्हा मैत्रीण जे म्हणते त्याला आधार आहे. पण ती तिथंच थांबते, दगड मात्र तिथं थांबला नाही. पुढच्या शतकांतली लिंगं ओळीनं मांडून बघितली तर शरीराची खूण कमी कमी होत जाते. आधी वरच्या भागाचा उठाव जातो, मग त्याची फक्त रेघ उरते. काही जुन्या पिंडींवर ही रेघ अजून दिसते, दोऱ्याएवढी बारीक, बाजूनं वर चढून पुढं वळणारी. तिला ब्रह्मसूत्र म्हणतात. बहुतेक पिंडींवर तीही नाही. घडवणाऱ्यांनी शरीर हळूहळू काढून टाकलं आणि दगड ठेवला. का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या मैत्रिणीलाही पडलेला नाही, आत्यालाही नाही.

आत्याचं थोडक्यात आटपतो. अणुभट्टीच्या इमारतीला घुमट असतो तो आतला दाब सगळीकडं सारखा वाटला जावा म्हणून. दोन वस्तू लांबून सारख्या दिसल्या एवढ्यावर नातं जुळत नाही. आत्याला हे तोंडावर सांगू नकोस, बिचारी वाईट वाटून घेईल.

पूर्वीच्या लोकांना चेहरा कोरता येत नव्हता म्हणून दगड पुजला, असंही कोणीतरी तुला ऐकवेल. त्याला घारापुरीला ने. लेण्याच्या दक्षिण भिंतीवर सदाशिवाचे तीन प्रचंड चेहरे आहेत. दगडात झोप, राग आणि लाड एकाच वेळी दाखवणारे हात होते ते. आणि त्याच लेण्यात, त्याच काळात, पूजेचा गाभारा केला तो कसा? चारी बाजूंना दारं, दर दाराला दोन द्वारपाल, आणि मधोमध साधी गोल पिंड. चेहरा भिंतीवर ठेवला, गाभाऱ्यात नाही. येत नव्हतं म्हणून नाही, नको होता म्हणून. चेहरा आला की समोर आलं, समोर आलं की एकच दार पुरतं. चार दारांनी कुठूनही ये म्हणायचं असेल तर मध्ये गोल दगडच लागतो.

वेरूळच्या पंधराव्या लेण्यात याची गोष्टच कोरलीय. ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात मोठा कोण यावरून जुंपली, तेवढ्यात मध्ये आगीचा खांब उभा राहिला. ब्रह्मा हंस होऊन वर गेला, विष्णू वराह होऊन खाली गेला, दोघांना टोक सापडलं नाही. ब्रह्म्यानं केतकीला साक्षीला घेऊन सापडलं म्हणून थाप मारली, म्हणून महादेवाला केवडा वाहत नाहीत. आपण हे लहानपणी ऐकतो आणि विसरतो. आता पिंडीचे तीन भाग आठव. ब्रह्मा चौकोनात, विष्णू अष्टकोनात, दोघेही त्याच दगडात, दोघेही जमिनीखाली आणि शाळुंकेत दडलेले. ज्याला आरंभ आणि शेवट नाही असं पुराण सांगतं, त्याचा मधला एक तुकडा तेवढा गाभाऱ्यात आपल्यासमोर आहे. मला यापेक्षा सरळ उत्तर मिळालेलं नाही.

पण हे सगळीकडं बसतं असंही समजू नकोस. स्वयंभू पिंडीला चौकोन-अष्टकोन नसतात, तो उघड्यावरचा खडक असतो. त्र्यंबकेश्वराला तर उभा दगडच नाही, खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं. माझी उपपत्ती तिथं अडते. अडू दे. दगड एक सांगत असेल आणि आपण दुसरं, तर आपण गप्प बसायचं.

मग गोल दगडाला दिशा कोण देतं? शाळुंका. तिची नाळ. पाणी जिकडून बाहेर जातं ती बाजू, बहुतेक करून उत्तर. म्हणून महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा नसते. नाळेपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथून मागं फिरायचं. तुझी आजी हे न सांगता करते. शाळुंका म्हणजे शक्ती, पिंड म्हणजे शिव, हे तुला कोणीही सांगेल आणि ते बरोबरही आहे, पण त्याचं काम बघ: एकाला दिशा नाही, दुसरी ती देते. पाणी वरून पडतं, गोलावरून सगळीकडं सारखं उतरतं, आणि शाळुंकेत आल्यावर त्याला वाट मिळते.

आणि चेहऱ्याची हौस माणसाला असतेच. शिवरात्रीला गुरव पिंडीवर मुखवटा चढवतात, फेटा बांधतात, मिशा असतात, डोळे असतात. माझा त्याला अजिबात विरोध नाही. रात्री उतरवता येतो तो. अभिषेकाला तो बाजूला ठेवतात आणि पाणी दगडालाच मिळतं. माझं भांडण कायमच्या कवचाशी होतं, मुखवट्याशी नव्हे. लोकांनी ते मुद्दाम उलटं करून सांगितलं.

आता तू खिद्रापूरला जा. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, आपल्याच जिल्ह्यात. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळचं. स्वर्गमंडपाचा गोल उघडा छत बघून सगळे फोटो काढतात आणि परत फिरतात. तू आत जा. गाभाऱ्यात एक नाही, दोन लिंगं आहेत: कोपेश्वर आणि धोपेश्वर. सतीच्या मरणानं कोपलेल्या शिवाची समजूत काढायला विष्णू आला, तोच धोपेश्वर, असं तिथं सांगतात. ज्या विष्णूला शंख-चक्राशिवाय कोणी ओळखत नाही, तो इथं बिनचेहऱ्याचा दगड होऊन शेजारी बसलाय. पिंड म्हणजे फक्त शिवाचं शरीर असतं, तर विष्णूनं ती कशाला घेतली असती? हे मैत्रिणीला विचार. जमलं तर तिलाही सोबत ने. आणखी एक, समोर नंदी शोधू नकोस, इथं नाही. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात. नंदी नसला की समोर कुठलं ते कसं ठरवायचं, हे तुला आता कळायला हरकत नाही.

गुरवांना आधी विचार, मगच आत वाक. फोटो काढू दिला नाही तर वहीत काढ. दोन्ही पिंडींची उंची वितीनं मोज, कोणाची नाळ कुठं जाते ते लिही, वरच्या भागावर रेघ दिसते का ते बॅटरी तिरकी धरून बघ, समोरून उजेड टाकलास तर दिसायची नाही. घरी आल्यावर अंबाबाईच्या देवळातही जा. देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाची पिंड आहे, कोल्हापुरात वाढून तू ते बघितलं नसशील अशी माझी पैज.

अर्थ नंतर कळव. आधी मापं पाठव.

तुझा,
सर