निबंधाला विषय सापडत नाही तेव्हा : प्रकरणांचा नकाशा

“मॅडम, अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करतेय. स्वतःबद्दल निबंध लिहायचाय, पण माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. शाळा, क्लास, घर. बस्स. काय लिहू?”

ऑगस्ट उजाडला की हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. मी विषय सुचवत बसत नाही. आडवा कोरा कागद देते आणि म्हणते, “तुझ्यावर पुस्तक निघालं तर त्यात कोणकोणती प्रकरणं असतील? दोनपेक्षा कमी नकोत, सातपेक्षा जास्त नकोत.” हा प्रश्न मुळात डॅन मॅकअॅडम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. माणूस स्वतःची जी गोष्ट सांगतो, त्या गोष्टीतूनच त्याची ओळख घडत जाते, ही त्याची मांडणी मला मनापासून पटते.

इचलकरंजीच्या एका मुलीची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिने पाच मिनिटांत नकाशा पुढे केला : पहिली ते चौथी, पाचवी ते दहावी, अकरावी-बारावी. खाली टक्के.

बहुतेक मुलांचा पहिला नकाशा असाच येतो. तो शाळेच्या दाखल्यावरून काढलेला असतो, आणि दाखल्यात जे नाही ते नकाशातही उतरत नाही. प्रकरणांना इयत्तांची किंवा ‘संघर्षाचे दिवस’ छापाची नावं दिसली की मी कागद उलटा करायला लावते.

“आता शाळा विसर. रात्री तू कुठे झोपायचीस, त्यावरून प्रकरणं पाड.”

ती हसली, मग लिहू लागली. आईजवळ. मग माळ्यावर, ताईबरोबर. मग आजीच्या खोलीत. मग हॉलमध्ये, एकटी. प्रत्येक प्रकरणाखाली मी तीनच गोष्टी मागितल्या : एक माणूस, एक वस्तू आणि कुणी न सांगता ती रोज करायची असं एक काम.

आजीच्या खोलीखाली तिने लिहिलं, ‘पिशव्या’.

“कसल्या पिशव्या?”

“काही नाही हो मॅडम, औषधांच्या. आजीला वाचता येत नव्हतं ना.”

“माळ्यावरून तू आजीच्या खोलीत कशी आलीस?”

इथे ती थांबली. दोन प्रकरणांच्या मधल्या रेघेवर माझं बोट होतं. ती सातवीत असताना औषधाच्या दुकानातून बीपीच्या गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या आल्या. पाकिटाचा रंग वेगळा दिसला, म्हणून आजीने ‘ही माझी नव्हे’ म्हणत गोळी घेणंच बंद केलं. चक्कर येऊन ती पडली तेव्हा घरात कळलं. त्या रात्रीपासून नात तिच्या खोलीत झोपू लागली. तिने जुनं पाकीट आणि नवं पाकीट शेजारी ठेवलं. मोठ्या अक्षरातली नावं निराळी होती, पण खालच्या बारीक अक्षरात दोन्हीकडे अॅम्लोडिपिनच होतं. मग तिने दोन पिशव्या शिवल्या, एकीवर सूर्य, एकीवर चंद्र. नव्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय गोळी पिशवीत जात नसे.

“आणि तू अर्ज कशासाठी करतेयस?”

“बायोकेमिस्ट्री.” मग तिचं तिलाच हसू आलं.

इतक्या वर्षांत मला दिसलं ते हे, की निबंध प्रकरणांमध्ये क्वचित सापडतो, तो बहुधा दोन प्रकरणांच्या सीमेवर असतो. प्रकरणाच्या पोटात सवय असते. सीमेवर काहीतरी बदललेलं असतं आणि त्या बदलापुढे मुलाने स्वतःहून काहीतरी केलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक रेघेवर विचारते, “इथे काय बदललं, आणि मग तू काय केलंस?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वाईट वाटलं’ एवढंच येत असेल, तर ती सीमा सोडून पुढची घ्यावी.

एकाच अर्जातून अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांकडे जाता येतं, त्या कॉमन अॅपच्या मुख्य निबंधाला मर्यादा ६५० शब्दांची. त्यात एकच सीमा मावते. अख्खा नकाशा कोंबायला गेलं की चरित्र होतं. ही मुलगीही पहिल्या खर्ड्यात जन्मापासून निघाली होती. मी तिला दोन पाकिटं शेजारी ठेवल्या क्षणापासून सुरू करायला सांगितलं.

एक पथ्य मात्र पाळावं. सांगताना मूल दरवेळी एकाच जागी गप्प होत असेल, तर ती जखम ओली आहे. तिथे निबंध खणू नये, आणि परीक्षकांना ते आवडेल म्हणून तर मुळीच नाही. नकाशा काढताना आईवडिलांनी शेजारी बसू नये. ते शेजारी असले की बक्षिसांचीच प्रकरणं पडतात.

कागद जपून ठेवायला सांगते, कारण बरीच कॉलेजं वेगळे छोटे निबंधही मागतात. या मुलीने त्यातल्या एकासाठी आईजवळून ती माळ्यावर ताईकडे गेली ती रेघ घेतली. त्या वेळी ती माझ्याकडे विषय विचारायला आली नाही, थेट खर्डा घेऊन आली.