चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो

प्रश्न: बाबा ६२ वर्षांचे, सिगारेट ओढतात. दादर स्टेशनहून शिवाजी पार्कला येताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. मणक्याचं असेल का?

उत्तर: मणक्याचं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच शमतं. नुसतं उभं राहून काही मिनिटांत थांबत असेल, तर सिगारेटवाल्यांच्या बाबतीत मी आधी पायाच्या अरुंद धमनीवर संशय घेईन. त्यांना आडवं झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब डॉक्टरांकडून मोजून घ्या. दंडाला १४० आणि घोट्याला ८४ आला, तर घोट्याचा आकडा भागिले दंडाचा, हे गुणोत्तर ०.६ येतं; ०.९ किंवा त्याखाली म्हणजे अडथळा. मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन आकडा खोटा चांगला येऊ शकतो, तेव्हा धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी करा. सिगारेट मात्र आजच बंद. झोपेतही पाऊल दुखू लागलं किंवा बोटाची जखम भरेना, तर लगेच रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनकडे न्या.